परदेशी कंपनीचं घरबसल्या काम: करार वाचताना पैसे कुठे अडकू शकतात ते आधी बघा

‘महिना ३,५०० डॉलर’ असं मेलमध्ये वाचलं की आपण लगेच रुपयांत गुणाकार करतो. तो आकडा मोठा दिसतो आणि मग करार वाचताना सगळं लक्ष त्या एका ओळीवरच राहतं. माझं म्हणणं असं की या कामात आकड्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट असते: कोणत्याही एका दिवशी समोरच्या कंपनीकडे तुमचे किती पैसे अडकलेले असतात. कारण ते बुडाले तर परत मिळवण्याचा रस्ता लांबचा आणि महागडा आहे. करारातली जी कलमं ही अडकलेली रक्कम कमी ठेवतात, ती आधी मागायची.

एक उदाहरण धरून चालू. नाशिकमध्ये राहणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे असं समजा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेल्या एका छोट्या कंपनीने तिला घरून काम दिलंय. महिना ३,५०० डॉलर. हिशेब सोपा राहावा म्हणून डॉलरचा भाव ९० रुपये धरू.

नोकरी नाही, व्यवसाय

पहिली गोष्ट करारातल्या एका शब्दावर ठरते. तिला कंपनीने ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ म्हटलंय. कंपनीचा भारतात पसारा नाही, त्यामुळे बहुतेक लहान परदेशी कंपन्या असंच करतात. रोजची मीटिंग, टीम लीड, सुट्टी विचारून घेणं हे सगळं नोकरीसारखं दिसतं, पण कागदावर ती एक व्यावसायिक आहे आणि कंपनी तिची ग्राहक. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा किंवा बाळंतपणाची रजा नाही, आणि तिचा आयकर कुणी कापून भरत नाही. रजा हवी असेल तर वर्षाला इतके दिवस पैसे न कापता, असं करारातच लिहून घ्यावं लागतं. लिहिलं नसेल तर आजारपणाचा आठवडा तिच्याच खिशातून जातो.

दुसरा मार्ग ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’चा. भारतात नोंदलेली एक मधली कंपनी तुम्हाला कागदोपत्री नोकरीवर घेते आणि परदेशी कंपनी तिला पैसे देते. तिथे पीएफ, टीडीएस, फॉर्म १६ सगळं येतं. मात्र पगार रुपयांत ठरतो, म्हणजे रुपया घसरला तर त्याचा फायदा परदेशी कंपनीला होतो, तुम्हाला नाही. ज्यांना गृहकर्ज काढायचंय, घरात लहान मूल आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग कमी आकड्यातही चांगला ठरू शकतो. या लेखात मात्र पहिल्या प्रकाराबद्दलच बोलू, कारण जोखीम तिथे जास्त आहे.

थकबाकीचं गणित

तिच्या करारात लिहिलंय: दर महिन्याच्या शेवटी इनव्हॉइस पाठवायचं, पैसे ‘नेट ३०’, म्हणजे इनव्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवसांत. वाचायला अगदी रीतसर वाटतं. आता कॅलेंडर घेऊन बसा.

जानेवारीभर काम केलं. ३१ जानेवारीला इनव्हॉइस गेलं. मुदत संपते २ मार्चला. त्या दिवशी पैसे आले नाहीत. पहिल्या दिवशी कुणी भांडत नाही. आपण म्हणतो बँकेत उशीर झाला असेल. आठवडा जातो, ९ मार्च उजाडतो. आत्ता कुठे तिला खरी शंका येते. पण तोवर जानेवारीचे ३,५०० अडकलेत, फेब्रुवारीचे ३,५०० अडकलेत, आणि मार्चच्या नऊ दिवसांचे साधारण १,००० डॉलर. एकूण ८,००० डॉलर, म्हणजे ७ लाख २० हजार रुपये. एकही तारीख तिने चुकवलेली नाही. करारच असा आहे की धोका कळायला ६८ दिवस लागतात.

आता एवढंच बदलू: इनव्हॉइस दर पंधरा दिवसांनी आणि पैसे सात दिवसांत. १ ते १५ जानेवारीचं इनव्हॉइस १५ तारखेला गेलं, मुदत २२ ला संपली, तीन दिवस वाट पाहिली. २५ जानेवारीला अडकलेली रक्कम आहे पंचवीस दिवसांचं काम, म्हणजे सुमारे २,८०० डॉलर. सुरुवातीलाच अर्ध्या महिन्याची अनामत, १,७५० डॉलर, घेतली असेल तर खरा धोका उरतो जेमतेम १,०५० डॉलरचा. काम तेच, दर तोच, ग्राहक तोच. जाऊ शकणारी रक्कम मात्र ७ लाखांवरून लाखाच्या आत येते.

म्हणून मी नेहमी सांगतो की दर वाढवून मागायच्या आधी पैशांच्या तारखा मागा. कंपनीला त्यासाठी जादा खर्च येत नाही, त्यामुळे ती मागणी मान्य होण्याची शक्यताही जास्त असते. अनामत मिळत नसेल तर निदान पंधरवड्याचं इनव्हॉइस मिळतंय का बघा.

तारखांसोबत एक वाक्य हवंच: ‘इनव्हॉइस मुदतीनंतर पाच कामकाजाच्या दिवसांत भरलं नाही, तर काम थांबवण्याचा हक्क राहील; हा करारभंग मानला जाणार नाही आणि कामाच्या मुदती तेवढ्याच पुढे जातील.’ हे वाक्य नसेल तर पैसे न मिळताही काम थांबवणं ही तुमचीच चूक ठरवता येते. पुष्कळ लोक नेमके या भीतीने दोन-दोन महिने फुकट राबतात.

आणखी एक सापळा ‘ॲक्सेप्टन्स’चा. काही करारांत पैसे कामाच्या तारखेवर मिळत नाहीत. कंपनीने काम ‘समाधानकारक’ म्हणून स्वीकारलं की मगच घड्याळ सुरू होतं. स्वीकारायला मुदत नसेल तर नेट ३० ला काही अर्थच उरत नाही. उपाय सोपा आहे: सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल, एवढं लिहून घ्यायचं. महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर काम करणाऱ्याने तर ॲक्सेप्टन्सचं कलम काढूनच टाकायला सांगावं. ते एकरकमी प्रकल्पासाठी असतं.

काम कुणाच्या मालकीचं, आणि कधीपासून

हे कलम बहुतेक जण न वाचता पुढे जातात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणाराच असतो. स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टरचं तसं नाही. साधारणपणे कोड लिहिणारा, डिझाइन करणारा स्वतःच पहिला मालक असतो आणि कंपनीला तो हक्क लेखी करारानेच घ्यावा लागतो. अमेरिकेच्या कायद्यातही कॉन्ट्रॅक्टरचं काम आपोआप कंपनीचं होण्याचे प्रकार मोजकेच आहेत. म्हणूनच प्रत्येक करारात ‘सर्व हक्क कंपनीकडे हस्तांतरित’ अशी ओळ असते.

प्रश्न ‘कधी’चा आहे. कंपनीचा मसुदा बहुधा म्हणतो, काम तयार होताक्षणी. तुम्ही मागायचं: ‘त्या कामाच्या इनव्हॉइसची पूर्ण रक्कम मिळाल्यावर.’ त्यावर ते काय म्हणतील तेही सांगतो. म्हणतील, आम्हाला काम रोज वापरावं लागतं, पैसे मिळेपर्यंत थांबणार कसं? रास्त आहे. मग मधला मार्ग द्यायचा: पैसे मिळेपर्यंत वापरण्याचा परवाना, मिळाल्यावर पूर्ण मालकी.

कुणी म्हणेल, कोड तर आधीच त्यांच्या रिपॉझिटरीत गेलाय, मग कागदावरच्या मालकीने काय होणार? त्या दिवशी काही होत नाही हे खरं. पण लहान कंपनी पुढे गुंतवणूक घ्यायला किंवा विकायला निघाली की समोरचा वकील पहिल्या काही प्रश्नांत विचारतो: हा कोड ज्यांनी लिहिला त्या सगळ्यांनी हक्क दिलेत का? तिथे एक न भरलेलं इनव्हॉइस आणि त्याला चिकटलेली न मिळालेली मालकी हा मोठा अडथळा असतो. ८,००० डॉलरसाठी कोर्टात जाणं परवडत नाही, पण सौद्याच्या आड येणारे ८,००० डॉलर कंपनी चटकन भरून टाकते. तुमच्या हातात जे थोडंफार वजन आहे, ते इथे आहे.

याच कलमात दुसऱ्या बाजूने बघा की तुमचं जुनं काम त्यात ओढलं जात नाही ना. वर्षानुवर्षं जमवलेल्या स्क्रिप्ट, टेम्प्लेट, स्वतःची छोटी टूल्स यांची यादी कराराला जोडा आणि ‘हे माझंच राहील’ असं लिहा.

तीन हजार पाचशे डॉलर, हातात किती?

आता पैसे वेळेवर निघाले असं धरू. साध्या बँक ट्रान्सफरने, म्हणजे स्विफ्टने येताना वाटेतल्या बँका आपलं शुल्क कापतात. समजा २० डॉलर गेले. खात्याच्या दारात ३,४८० पोचले. बाजारात भाव ९० असला तरी बँक तो भाव देत नाही. दीड टक्का कमी दिला असं धरलं तर भाव पडतो ८८.६५. रक्कम होते ३,०८,५०२ रुपये. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो, नियमात ठरवून दिलेल्या एका छोट्या मूल्यावर असतो. इथे तो साधारण ३६८ रुपये होतो. हातात उरले ३,०८,१३४. गुणाकाराने आलेला आकडा होता ३,१५,०००. महिन्याला ६,८६६ रुपये कमी, वर्षाला ८२ हजारांच्या वर.

यात सगळ्यात मोठा वाटा कशाचा हे नीट बघा. जीएसटीचा नाही, वाटेतल्या शुल्काचाही नाही. तो भावातल्या दीड टक्क्याचा आहे, आणि तो पासबुकात कुठेच ‘शुल्क’ म्हणून दिसत नाही. पैसे आले त्या दिवशीचा बाजारभाव आणि बँकेने लावलेला भाव शेजारी लिहून बघितल्याशिवाय तो कळतच नाही. हा फरक बँकेशी बोलून कमी होऊ शकतो. दर महिन्याला रक्कम येते हे दाखवून शाखेच्या फॉरेक्स विभागाला भाव विचारा. परदेशी पैसे आणून देणाऱ्या सेवा बऱ्याचदा यापेक्षा चांगला भाव देतात. निवडताना जाहिरातीतलं शुल्क बघू नका, शेवटी हातात पडणारे रुपये बघा.

करारात दोन गोष्टी लिहायच्या. रक्कम डॉलरमध्ये ठरलेली आहे, आणि पाठवण्याचा खर्च पाठवणाऱ्याचा. बँकेच्या फॉर्मवर त्यासाठी OUR असा पर्याय असतो; SHA निवडला तर वाटेतलं शुल्क तुमच्या रकमेतून जातं. ‘डॉलरइतके रुपये’ असं लिहिलं असेल तर ताबडतोब विचारा: कोणत्या दिवसाचा भाव आणि कुणाचा? त्याचं उत्तर करारात नसेल तर ते दर महिन्याला कंपनीच ठरवेल.

रुपया घसरतच असतो, मग डॉलरमध्ये मिळकत म्हणजे फायदाच, असं गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याच वर्षांत तसं झालंय. पण २००७ मध्ये डॉलर वर्षाच्या सुरुवातीच्या ४४ रुपयांच्या आसपासवरून वर्षअखेर ४० च्या खाली आला होता. एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त घट, आणि घराचा हप्ता मात्र रुपयांत तेवढाच. पौंड किंवा युरोत काम करणाऱ्यांना तर हे दोन्ही बाजूंनी सोसावं लागतं, कारण ती चलनं रुपयाच्या तुलनेत बरीच वरखाली होतात. हप्ता ठरवताना आजच्या भावापेक्षा दहा टक्के कमी भाव धरा. काही जण डॉलर तसेच ठेवायला ईईएफसी खातं उघडतात. ते चालू खातं असतं, त्यावर व्याज नाही, आणि जमा झालेले डॉलर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावे लागतात. म्हणजे चार आठवडे भावाची वाट बघता येते, चार वर्षं नाही.

पैसे क्रिप्टो किंवा स्टेबलकॉइनमध्ये देतो असं कंपनी म्हणाली तर माझं उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असं आहे. कारण पुढच्या भागात येतं.

सरकारी बाजू: पैसा ‘निर्यातीचा’ आहे हे दाखवता आलं पाहिजे

तिची वर्षाची मिळकत ३७ लाख ८० हजार होते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांची आहे, आणि निर्यातीची उलाढालही तीत मोजली जाते. महिन्याला ३ लाख १५ हजार म्हटल्यावर सातव्या महिन्यातच ती मर्यादा ओलांडते, आणि त्यानंतर ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. ‘माझा ग्राहक परदेशात, मला जीएसटी लागत नाही’ हे अर्धं खरं आहे. निर्यातीवर कराचा दर शून्य असतो, पण तो शून्य मिळवायला नोंदणी लागते आणि दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, पोर्टलवरच्या RFD-11 फॉर्मने द्यावं लागतं. ते नसेल तर आधी १८ टक्के कर भरायचा आणि मग परतावा मागत बसायचं.

आता क्रिप्टोकडे येऊ. सेवा ‘निर्यात’ ठरण्याच्या अटींपैकी एक अशी की पैसे परिवर्तनीय परकीय चलनात मिळाले पाहिजेत, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणी रुपयांत. क्रिप्टो यांपैकी काहीच नाही. तीच अडचण कंपनीने भारतातल्या एखाद्या ओळखीच्या खात्यातून रुपये पाठवले तर येते. निर्यात ठरली नाही की १८ टक्के दारात उभे, आणि ते तुम्ही ग्राहकाकडून घेतलेले नसतात. करारात म्हणून स्पष्ट हवं की पैसे परदेशी कंपनीच्या स्वतःच्या बँक खात्यातून, परकीय चलनात, बँकेमार्गे येतील.

पुरावा म्हणून दर रकमेमागे बँकेकडून एफआयआरए घ्या. परदेशातून पैसे आल्याची ही पावती. आणि रक्कम जमा होताना बँक ‘पर्पज कोड’ विचारते तिकडे दुर्लक्ष करू नका. सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीचा P0802 आहे. घाईत कुणी P1301 टाकला तर तो कुटुंबाच्या खर्चासाठी अनिवासी भारतीयाने पाठवलेल्या पैशांचा कोड आहे. दोन वर्षांनी जीएसटी अधिकारी कागद मागतो तेव्हा तुमचं इनव्हॉइस म्हणतं निर्यात आणि बँक म्हणते घरखर्च. हा गोंधळ त्या वेळी निस्तरणं फार त्रासाचं जातं. पहिल्या रकमेच्या वेळी बँकेला एक मेल टाकून तो टळतो.

एलयूटीवर निर्यात केलेल्या सेवेचे पैसे इनव्हॉइसपासून साधारण वर्षभरात यावे लागतात. नाही आले तर त्यावर व्याजासकट कर मागितला जाऊ शकतो. म्हणजे ग्राहकाने बुडवलं तर पैसेही गेले आणि कराची नोटीसही आली, असं होऊ शकतं. थकबाकी लहान ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

आयकरात तिच्यासारख्या तांत्रिक व्यवसायांना एक सोय आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए. मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरायचा, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसायचं नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमाचा क्रमांक बदलला आहे. तिचा नफा धरला जातो १८ लाख ९० हजार, आणि २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीतल्या दरांनी कर होतो उपकरासह १,८५,१२० रुपये. तो १५ मार्चपर्यंत आगाऊ भरायचा असतो. कुणी कापत नसल्यामुळे दर महिन्याला साडेपंधरा हजार वेगळ्या खात्यात टाकणं हाच त्यावरचा मार्ग. ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे; लेखन, मार्केटिंग, ग्राहकसेवा करणाऱ्यांनी आपण त्यात बसतो असं गृहीत धरू नये, सीएला विचारावं.

अमेरिकन कंपनी W-8BEN फॉर्म मागेल. तो तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा असतो. काम भारतात बसून केलं असेल तर त्यावर साधारणपणे अमेरिकेत कर कापला जाऊ नये. चुकून W-9 पाठवला तर तो भरू नका. तो अमेरिकेतल्या करदात्यांचा आहे.

भांडण झालंच तर

करारात शेवटी लिहिलेलं असतं: डेलावेअरचा कायदा, डेलावेअरची कोर्टं. बदलून मागून बघा, पण या कलमावर फार ताकद खर्च करू नका. नाशिकच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन अमेरिकेत वसुली करायची तर तिथे पुन्हा पायऱ्या चढाव्या लागतात. उलटही तसंच आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ब्रिटन, सिंगापूर, यूएई हे देश भारताने मान्य केलेले आहेत, अमेरिका त्यात नाही. त्यामुळे अमेरिकन कोर्टाचा निकाल इथे थेट बजावता येत नाही, त्यावर नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली दोन्ही देशांत बजावता येतो, म्हणून रक्कम मोठी असेल तर लवादाचं कलम चांगलं, शक्य तर ऑनलाइन सुनावणीचं. ८,००० डॉलरसाठी दोन्ही मार्ग महागच.

ताकद खर्च करायची ती नुकसानभरपाईच्या, म्हणजे ‘इंडेम्निटी’च्या कलमावर. तुमच्या चुकीने कंपनीचं किंवा तिच्या ग्राहकाचं जे काही नुकसान होईल ते तुम्ही भरून द्याल, असं तिथे लिहिलेलं असतं, आणि बहुधा वर मर्यादा नसते. टेस्टरच्या नजरेतून एक बग सुटला आणि ग्राहकांची माहिती बाहेर गेली तर? एकल व्यावसायिक म्हणून तिचं घर, तिची एफडी, सगळं त्या सहीमागे उभं असतं. मर्यादा मागा: आधीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या फीइतकी, फार तर सहा. जाणूनबुजून केलेली फसवणूक या मर्यादेतून वगळायला हरकत नाही. प्रोफेशनल इंडेम्निटी विमा घेतलात तर त्यात अमेरिका आणि कॅनडात होणारे दावे धरलेत का हे वेगळं विचारा.

काम सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाऊ नये, असं कलम दिसलं तर घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे करार संपल्यानंतरची अशी बंदी इथे निरर्थक ठरते. करार चालू असताना मात्र ती पाळावी लागते, आणि गोपनीयतेची अट करार संपल्यावरही राहते.

सही करण्याआधी कंपनी खरी आहे का ते बघायला दहा मिनिटं लागतात. डेलावेअरच्या कॉर्पोरेशन विभागाच्या संकेतस्थळावर आणि ब्रिटनच्या कंपनीज हाऊसवर नाव टाकून नोंद फुकट तपासता येते. करारातलं नाव, नोंदीतलं नाव आणि पैसे येणाऱ्या खात्याचं नाव एकच असलं पाहिजे. नोंद डेलावेअरची आणि पैसे दुबईतल्या तिसऱ्याच नावाच्या खात्यातून, असं असेल तर लेखी खुलासा मिळेपर्यंत काम सुरू करू नका.

करार संपवण्याची नोटीसही बघा. कंपनीला ‘कधीही, ताबडतोब’ आणि तुम्हाला ३० दिवस, असं असेल तर दोघांनाही १५ किंवा ३० दिवस मागा, आणि शेवटच्या दिवसापर्यंतचं काम सात दिवसांत चुकतं होईल हे लिहा.

हे सगळं असूनही एके दिवशी पैसे येणार नाहीत. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी साधा मेल, इनव्हॉइस क्रमांक आणि रकमेसह. फोन किंवा चॅटवर काही ठरलं तर तेही मेलमध्ये उतरवायचं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हिशेब विभागाला आणि ज्याने सही केली त्याला एकत्र मेल. पाच कामकाजाचे दिवस झाले की काम थांबवल्याची सूचना, कलमाचा क्रमांक देऊन. त्यांच्या यंत्रणा बंद पाडायच्या नाहीत, पासवर्ड बदलायचे नाहीत, कोड पुसायचा नाही. तसं केलं तर तुमचा साधा थकबाकीचा दावा त्यांच्या नुकसानीच्या दाव्यात बदलतो. सूचनेत एक वाक्य जोडायचं: करारानुसार या इनव्हॉइसमधल्या कामाची मालकी रक्कम मिळेपर्यंत हस्तांतरित झालेली नाही. हे वाक्य करारात असेल तरच लिहिता येतं.